उशिरा जाणाऱ्या ऑर्डरसाठी माफीचे कॅप्शन : आधी मोजणी, मग मजकूर

मे महिन्यातल्या अवकाळी पावसाने सांगलीत मसाल्याचे वेळापत्रक कसे कोलमडते, हे ज्यांच्या गच्चीवर मिरची वाळत असते त्यांना सांगावे लागत नाही. मिरची हातात घेऊन मोडली की कडकन मोडली पाहिजे. ती नुसती वाकली तर डंकावर नेण्यात अर्थ नसतो, कारण ओल राहिलेल्या मिरचीचा मसाला पुढे पाकिटात बुरशी धरतो. घरून कांदा-लसूण मसाला करून इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर विकणाऱ्या दोघी जावांचे मजकूर मी लिहून देतो. त्यांच्यावर हीच वेळ आली तेव्हा १४६ ऑर्डर थकल्या होत्या आणि त्यांच्यातल्या थोरल्या वहिनींचा निरोप एका ओळीचा होता : ‘एक छानसं सॉरीचं कॅप्शन लिहून द्या.’

ते कॅप्शन मी त्या दिवशी लिहिले नाही. कारण एक वर्ष आधी अशाच प्रसंगी मी ‘तांत्रिक अडचणींमुळे विलंब होत आहे, दोन दिवसांत सर्व पार्सल रवाना होतील’ असे लिहिले होते. पार्सले जायला नऊ दिवस लागले आणि लोक मूळ उशिराइतकेच त्या ‘दोन दिवसां’वर चिडले. ‘दोन दिवस’ हा आकडा मी कुणालाही न विचारता, वाक्य बरे दिसावे म्हणून घातला होता.

म्हणून पहिले काम लिहिण्याचे नसून मोजण्याचे असते, आणि त्यासाठी दुकान चालवणाऱ्या माणसाबरोबर वही घेऊन तासभर बसावे लागते. विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. एकूण किती ऑर्डर थकल्या आहेत आणि त्यातली सर्वांत जुनी कोणत्या तारखेची आहे? त्यांना मिळून किती माल लागणार आहे, आज किती तयार आहे आणि उरलेला कधी तयार होईल? आणि तयार माल हाती असताना दिवसाला किती पार्सले भरून होतात? हा शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. माल आला की झाले असे वाटते, पण वजन करणे, पाकीट सील करणे, पत्ता चिकटवणे आणि कुरिअरवाल्याकडे देणे यालाही दिवस लागतात.

आमच्या वहीत २६ मे, सोमवारी हे चित्र होते. ९ ते २४ मे या काळातल्या १४६ ऑर्डर बाकी होत्या आणि त्यांना एकूण ११२ किलो मसाला लागणार होता. तयार मसाला ३८ किलो होता. बाकीची मिरची एका ओळखीच्या वाळवणी यंत्रात वाळवून झाली होती आणि डंकावर मंगळवारी व शुक्रवारी नंबर मिळाला होता. एका खेपेला साधारण ४० किलो कुटून होतो. कुटलेला मसाला गरम असतो. तो तसाच भरला तर पाकिटाला आतून वाफ धरते, म्हणून पसरून पूर्ण थंड होऊ द्यावा लागतो आणि त्यात एक दिवस जातो. दोघी मिळून दिवसाला ३० पार्सले सहज भरतात. एवढ्यावरून तीन गट आपोआप पडले. तयार ३८ किलोत ९ ते १२ मेच्या ४८ ऑर्डर बसत होत्या आणि त्या २७ व २८ मे रोजी निघू शकत होत्या. मंगळवारच्या खेपेतून १३ ते १६ मेच्या ५२ ऑर्डर २९ आणि ३० तारखेला जाणार होत्या. शुक्रवारच्या खेपेतून उरलेल्या ४६ ऑर्डर रविवार सोडून २ आणि ३ जूनला निघणार होत्या.

या तारखा मात्र ग्राहकाला जशाच्या तशा सांगू नयेत. वीज जाते, डंकावरचा पट्टा तुटतो, घरात कुणाला ताप येतो. आम्ही प्रत्येक गटाच्या शेवटच्या तारखेपुढे दोनतीन दिवस धरले आणि ३० मे, २ जून व ५ जून अशा तारखा जाहीर केल्या. सांगितलेल्या तारखेच्या आधी पार्सल निघाले तर कुणाची तक्रार येत नाही. दुसऱ्यांदा तारीख चुकली तर मात्र आधीची माफीही खोटी ठरते. आणखी एक काळजी घ्यावी : तारीख पार्सल निघण्याची द्यावी, पोहोचण्याची नको. पार्सल आपल्या दारातून कधी निघेल हे आपल्या हातात असते, पुढचे कुरिअरच्या हातात असते, आणि दुसऱ्याच्या हातातल्या गोष्टीचा शब्द आपण देऊ नये.

मोजणीतून आणखी एक गोष्ट बाहेर आली, ती माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. दुकानाचा शब्द सात दिवसांत पार्सल पाठवण्याचा होता. पाऊस सुरू झाल्यावर मिरची वाळणार नाही हे घरात सगळ्यांना दिसत होते, तरीही ऑर्डर घेणे थांबले नव्हते. म्हणजे पाऊस हे उशिराचे कारण होते, पण चूक होती ती ऑर्डर घेत राहण्याची. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि कॅप्शनमध्ये दोन्ही वेगळ्या यायला हव्यात. नुसता पाऊस लिहिला तर ग्राहकाच्या मनात लगेच येते की पाऊस मलाही दिसत होता, मग तुम्ही माझे पैसे का घेतले? आणि सुधारणा सांगायची तर ती चुकीचीच सांगता येते. पावसाची सुधारणा कोण करणार?

आता मजकुराकडे येऊ. आमचे शेवटी ठरलेले कॅप्शन असे होते :

> मसाला उशिरा पोहोचतो आहे आणि चूक आमची आहे. ९ ते २४ मे या काळात ऑर्डर दिली असेल, तर तुमची तारीख खाली आहे.
>
> सात दिवसांत पार्सल पाठवू, असा शब्द आम्ही दिला होता. पावसामुळे मिरची वाळली नाही आणि मसाला कुटता आला नाही. हे दिसत असूनही आम्ही ऑर्डर घेत राहिलो. ते चुकले. तुमची माफी मागतो.
>
> सांगलीतून पार्सल निघण्याच्या तारखा :
> ९ ते १२ मेच्या ऑर्डर : ३० मेपर्यंत
> १३ ते १६ मेच्या ऑर्डर : २ जूनपर्यंत
> १७ ते २४ मेच्या ऑर्डर : ५ जूनपर्यंत
> पार्सल निघाले की ट्रॅकिंग क्रमांक तुमच्या व्हॉट्सॲपवर येईल.
>
> थांबणे शक्य नसेल तर व्हॉट्सॲपवर ‘रद्द’ एवढेच लिहून पाठवा. डिलिव्हरीच्या शुल्कासह सगळे पैसे दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत परत करू. पैसे परत घेण्यासाठी पिन किंवा ओटीपी लागत नाही. आमच्या नावाने कुणी मागितला तर देऊ नका.
>
> नवीन ऑर्डर सध्या बंद आहेत. ६ जूनपासून जेवढी पाकिटे भरून तयार असतील, तेवढ्याच ऑर्डर घेऊ.
>
> ३० मे रोजी संध्याकाळी किती पार्सले निघाली, ते इथेच लिहू.

यात पहिली ओळ सर्वांत जास्त वेळ घेते. इन्स्टाग्रामवर कॅप्शनला २,२०० अक्षरचिन्हांची मर्यादा आहे, पण स्क्रोल करणाऱ्याला त्यातली साधारण पहिली सव्वाशेच दिसतात आणि बाकीचा मजकूर ‘आणखी’च्या मागे झाकला जातो. मराठीत काना, मात्रा, अनुस्वार यांचीही स्वतंत्र मोजणी होत असल्याने ही जागा वाटते त्याहून लवकर संपते. त्यामुळे ‘आमच्या लाडक्या ग्राहकांनो, तुमचे प्रेम आणि विश्वास हीच आमची खरी कमाई’ अशी सुरुवात केली तर उशीर हा शब्दही दिसायच्या आत ओळ संपते. दिसणाऱ्या भागात काय झाले, कुणाचे चुकले आणि हा मजकूर कुणासाठी आहे, एवढे यायलाच हवे. पोस्ट करण्यापूर्वी मजकूर दुसऱ्या एखाद्या फोनवर पाहून घ्यावा. आमच्या पहिल्या मसुद्यात ओळ ‘९ ते’ पाशी तुटत होती, म्हणून शब्द कमी केले.

माफीच्या शब्दांबद्दल माझे मत जरा कडक आहे. ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ हे शब्द खोदलेल्या रस्त्याच्या कडेला पाटीवर इतकी वर्षे वाचले आहेत की ते वाचून कुणी आपली माफी मागितली असे वाटतच नाही. ‘दिलगीर आहोत’ हे थोडे बरे, पण त्याला कार्यालयीन पत्राचा वास येतो. ‘माफी मागतो’ यात क्रियापद आहे, ते कुणीतरी करते आहे, म्हणून ते पोहोचते. त्याच न्यायाने ‘विलंब झाला आहे’ याऐवजी ‘आम्ही ऑर्डर घेत राहिलो’ असे लिहावे. आणि ‘तुमच्या प्रचंड प्रतिसादामुळे’ हे तर कधीच लिहू नये. ज्याचे पैसे अडकले आहेत त्याला आपला खप किती वाढला हे सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे आहे. संबोधनही नेहमीचेच ठेवावे. एरवी ‘तुम्ही’ म्हणणारे दुकान अडचणीत आल्यावर एकदम ‘आपण’ आणि ‘मान्यवर ग्राहक’ म्हणू लागले की ते लांब सरकल्यासारखे वाटते.

पैसे परत देण्याची ओळ घालताना वहिनी कचरल्या होत्या. सगळ्यांनीच रद्द केले तर, ही त्यांची भीती स्वाभाविक होती. पण ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे सांगितलेल्या मुदतीनंतर आलेला माल परत घेण्यास किंवा त्याचे पैसे देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. केवळ आवाक्याबाहेरच्या संकटामुळे झालेला उशीर त्याला अपवाद आहे. ऑर्डर घेत राहण्याची चूक आपली असताना पावसाच्या अपवादामागे लपणे मला योग्य वाटले नाही. शिवाय जे द्यावेच लागणार आहे, ते मागण्याआधी दिले तर निदान त्याचा मान राहतो. ही ओळ लिहिताना मात्र पद्धत एका शब्दावर आणावी. ‘रद्द करायचे असल्यास ऑर्डर क्रमांक, पावतीचा फोटो आणि कारण पाठवा’ असे लिहिले की सवलत देऊन दार लावल्यासारखे होते. १४६ पैकी ११ जणांनी रद्द केले, आणि त्यांचे पैसे त्याच दिवशी गेले.

पिनची ओळ अस्थानी वाटेल, पण तिच्यामागे कारण आहे. माफीची पोस्ट पडली की तिच्याखाली ‘माझे पैसे अडकले आहेत’ असे लिहिणाऱ्यांची यादी सगळ्या जगाला दिसते. दुकानाचे नाव आणि चित्र लावून खोटे खाते उघडणारे लोक नेमके त्यांनाच गाठतात आणि रिफंडच्या नावाखाली यूपीआय पिन टाकायला लावतात. पैसे घेताना पिन लागत नाही, द्यायलाच लागतो, हे माहीत असणारेही घाईत फसतात. याच कारणासाठी कमेंटमध्ये कुणालाही फोन नंबर किंवा ऑर्डर क्रमांक लिहायला सांगू नये.

सुधारणेची जाहिरात हा या कामातला सर्वांत निसरडा भाग आहे. माफीच्या कॅप्शनमध्ये सुधारणेला दोन ओळींहून जास्त जागा देऊ नये, कारण त्या दिवशी ग्राहकाच्या हातात मसाला नाही आणि पुढची व्यवस्था किती छान असेल यात त्याला रस नाही. आणि त्या दोन ओळींत जे लिहायचे ते ग्राहकाला स्वतः तपासता येईल असे हवे. ‘आम्ही आमची यंत्रणा अधिक सक्षम करत आहोत’ हे कुणालाच तपासता येत नाही. ‘जेवढी पाकिटे तयार तेवढ्याच ऑर्डर’ हे ६ जूनला सगळ्यांना दिसणार असते. एका मसुद्यात वहिनींनी ‘यापुढे प्रत्येक पाकिटावर पॅकिंगची तारीख’ असेही घातले होते. ते मी काढले; खाद्यपदार्थाच्या पाकिटावर ती तारीख असणे कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि जे आधीपासून करायलाच हवे ते सुधारणा म्हणून मिरवले तर जाणकार ग्राहक त्यातून नको तोच अर्थ काढेल.

पुढच्या खरेदीवर दहा टक्के सवलतीचे कूपन द्यावे का, हा प्रश्न हमखास येतो. मी नको म्हणतो. ज्याची पहिलीच ऑर्डर पोहोचलेली नाही त्याला दुसरी ऑर्डर द्यायला सांगण्यासारखे ते आहे. काही द्यायचेच असेल तर न सांगता द्यावे. जावांनी उशीर झालेल्या प्रत्येक पार्सलात शेंगदाण्याच्या चटणीची छोटी पुडी आणि हाताने लिहिलेली चिठ्ठी घातली, आणि कॅप्शनमध्ये त्याचा उल्लेख कटाक्षाने टाळला. आधी जाहीर केली असती तर ती लाच वाटली असती.

पोस्ट करण्याचा क्रमही ठरवून घ्यावा. ज्यांच्या ऑर्डर थकल्या आहेत त्यांना आधी वैयक्तिक निरोप जावा आणि पोस्ट त्यानंतर पडावी. आपली अडचण इन्स्टाग्रामवरून कळणे ग्राहकाला आवडत नाही. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी इथे फारशी कामाची नाही, कारण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो संदेश पोहोचतो, आणि एकदोनदा खरेदी केलेले बहुतेक लोक नंबर सेव्ह करत नाहीत. म्हणून व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये तीन गटांसाठी तीन झटपट उत्तरे तयार केली, प्रत्येकाचे नाव वर घातले आणि दोन तासांत सगळ्यांना निरोप पाठवले. तिसऱ्या गटातल्या २० ते २४ मेच्या ग्राहकांची तर मुदत अजून उलटलीही नव्हती. त्यांनाही कळवले. उशीर होण्यापूर्वी सांगितला तर तो बहुधा राग न येता स्वीकारला जातो, हे त्यांच्या उत्तरांवरून दिसले. नंतर पोस्ट टाकली आणि ती प्रोफाइलवर पिन केली. चित्र म्हणून मसाल्याच्या लालबुंद फोटोऐवजी साध्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर तीन तारखांचा तक्ता लावला.

कॅप्शन जमले की नाही हे लाइकवरून कळत नाही. ते पोस्टनंतर येणाऱ्या प्रश्नांवरून कळते. ज्याचे उत्तर मजकुरात आहे तोच प्रश्न पुन्हापुन्हा येऊ लागला तर मजकुरात काहीतरी राहिले आहे असे समजावे. आमच्याकडे पहिल्याच संध्याकाळी चार जणांनी एकच गोष्ट विचारली : ‘मी १६ तारखेला मेसेज केला, पैसे १७ ला पाठवले. मी दुसऱ्या गटात की तिसऱ्या?’ वहीत ऑर्डरची तारीख म्हणजे पैसे जमा झाल्याची तारीख होती. दुकानाला ते इतके सवयीचे होते की आम्हा कुणाला लिहावेसे वाटले नाही. कॅप्शन नंतरही संपादित करता येते, तेव्हा तक्त्याखाली लगेच ओळ घातली : ‘ऑर्डरची तारीख म्हणजे तुमचे पैसे आम्हाला मिळाले ती तारीख.’ विचारणाऱ्या चौघांना मात्र दुसऱ्या गटात घेतले. मूळ तारखा गुपचूप बदलण्यासाठी ही सोय कधीही वापरू नये. कुणीतरी आधीचा स्क्रीनशॉट काढलेला असतोच. तारीख बदलावीच लागली तर जुनी मुदत उलटण्यापूर्वी, जुनी तारीख तशीच ठेवून, तिच्याखाली नवी लिहावी.

कमेंटना उत्तर देताना सगळ्यांना एकच वाक्य चिकटवू नये आणि रागाची कमेंट पुसू नये. एका बाईंनी लिहिले, ‘मुलगी १ जूनला बेंगळुरूला परत जाणार, तिच्यासाठी मागवला होता. आता काय उपयोग?’ त्यांची ऑर्डर १४ मेची, म्हणजे दुसऱ्या गटातली होती. आम्ही खाली एवढेच लिहिले : ‘ताई, तुमचे म्हणणे बरोबर आहे. तुमच्या व्हॉट्सॲपवर आत्ता निरोप पाठवला आहे.’ निरोपात दोन पर्याय होते : उद्याच्या पहिल्या गटातून पार्सल पाठवणे किंवा मुलीच्या बेंगळुरूच्या पत्त्यावर पाठवणे. त्यांनी दुसरा घेतला. असे तातडीचे पाचसहा जण निघतातच, म्हणून पहिल्या गटातून दोनेक किलो मसाला बाजूला काढून ठेवलेला असावा.

३० मेच्या संध्याकाळी ‘आज संध्याकाळपर्यंत ९३ पार्सले निघाली, दुसऱ्या गटातली थोडीच बाकी आहेत’ अशी ओळ त्याच पोस्टखाली गेली. सुधारणेची खरी पोस्ट ६ जूनला, सगळी पार्सले निघाल्यानंतरच टाकली, आणि तिचे कॅप्शन पहिल्यापेक्षा खूप लहान होते :

> मागच्या महिन्यातली सगळी पार्सले निघाली आहेत. तुमचे अजून मिळाले नसेल तर आधी आम्हाला व्हॉट्सॲप करा, नवीन ऑर्डर नंतर.
>
> आज ६० पाकिटे भरून तयार आहेत; फोटोत दिसतात तेवढीच. आज ऑर्डर दिली तर पार्सल उद्या किंवा सोमवारी निघेल. ६० संपली की ऑर्डर बंद, पुढची खेप तयार झाल्यावर पुन्हा सुरू.

फोटोत फळीवर ओळीने मांडलेली साठ पाकिटे होती, मोजता येतील अशी. दुसऱ्या दिवशी दुपारी साठावी ऑर्डर आली, तेव्हा आणखी सात जण व्हॉट्सॲपवर थांबले होते आणि धाकट्या जावेचा फोन आला : ‘सातच आहेत, घेऊ का?’ नाही म्हणालो. त्या सातांना पुढच्या खेपेची तारीख कळवली आणि पोस्टखाली ‘६० संपली’ असे लिहिले.